पेटी घेताना आधी हवा, मग सूर

"मुलीला गाण्याच्या क्लासला घातलंय. पेटी घ्यायची आहे. चांगली कंपनी कुठली तेवढं सांगा, म्हणजे तीच मागवून टाकतो."

तेवढंच सांगायचं तर नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. दादरचं हरिभाऊ विश्वनाथ १९२५ पासून आहे, कोलकात्याची पाक्राशी आहे, दिल्लीची बिना आहे. नावं सांगितली की समोरचा खूश होतो, आणि नेमकी तिथेच माझी पंचाईत होते. एकाच कारागिराकडे साध्या लाकडाचीही पेटी असते आणि मुरलेल्या सागवानाचीही, आणि नाव दोन्हींवर एकच. शिवाय पुढच्या पाटीवरचं नाव म्हणजे चार स्क्रूंनी बसवलेला पत्रा. तो कुठल्याही पेटीला बसतो. नावामुळे शोध सोपा होतो, एवढंच. तुमच्या हातात येणारी पेटी कशी आहे ते नाव सांगत नाही.

दुसरं ऐकायला मिळतं ते सुरांबद्दल, म्हणजे पेटीच्या आत हवेने वाजणाऱ्या पितळी जिभांबद्दल. "जर्मन सूर आहेत म्हणे." असतील. आज देशात बनणाऱ्या बऱ्याच पेट्यांचे सूर गुजरातेत पालिताण्याला तयार होतात आणि ते उत्तम असतात. एकाच ठिकाणचे सूर घालून केलेली एक पेटी गोड वाजते आणि दुसरी घोगरी, कारण फरक सुरात नसतो. तो लाकडात असतो, जोडात असतो, आणि सूर लावणाऱ्याच्या कानात असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सूर बिघडला तर दुरुस्त होतो, पण हवा धरून न ठेवणारी पेटी जवळजवळ कधीच सुधारत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर आधी गाणं वाजवू नका, आधी हवा तपासा. सगळे स्टॉपर, म्हणजे पुढच्या ओढायच्या खुंट्या, आत दाबून बंद करा आणि भाता मारत राहा. आतला भाता भरला की बाहेरचा जड होतो, पुढे जाईनासा होतो. तिथे हात काढा, दहा-पंधरा सेकंद थांबा, पुन्हा हलकेच दाबून बघा. अजून जड असेल तर हवा आत आहे. लोण्यासारखा आत गेला तर हवा कुठून तरी निघून गेलेली आहे. मग आपोआप एकच सूर धरणारे ड्रोनचे स्टॉपर सोडून दुसरा एक उघडा, पट्टी एकही दाबू नका, आणि भाता मारा. काहीही वाजता कामा नये, सूं असा आवाजही नको. शेवटी भाता पूर्ण भरून मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबा, भात्यावरचा हात काढा आणि सूर किती वेळ टिकतो ते मोजा. याला ठरलेला आकडा नाही, म्हणून दुकानातल्या दोन-तीन पेट्यांवर तीच पट्टी आणि तोच स्टॉपर घेऊन मोजा. खर्जाचा सूर हवा जास्त खातो, त्यामुळे एकीकडे खर्ज आणि दुसरीकडे मधला सूर अशी तुलना निरर्थक आहे. दुकानदार घाई करील, "वाजवून तर बघा" म्हणेल. वाजवा, पण नंतर.

हे ऐकून "इतकं कशाला" म्हणणाऱ्यांसाठी सोलापुरातल्या एका भजनी मंडळाच्या पेटीचं सांगतो.

आषाढात घेतलेली पेटी. डबल सुराची, ४२ पट्ट्या म्हणजे ८४ सूर, नऊ स्टॉपर, कपलर, पॉलिश आरशासारखं. गणपतीत वाजली, कार्तिकीला वाजली, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही तक्रार नव्हती. चैत्र लागला आणि भाता हलवला की कुणी हात न लावता पांढरी पाच बारीक आवाजात वाजू लागली. मंडळाने दुरुस्तीवाला बोलावला, त्याने पांढरी पाचचा सूर बदलला. नवा सूरही तसाच वाजू लागला. मग दुसरा सूर, मग पट्टीची स्प्रिंग. पैसे जात राहिले, कारण कुणी कारण शोधलं नव्हतं.

कारण शोधायला पेटीची रचना आधी समजायला हवी. सूर एका लांब फळीला खालून बसवलेले असतात. प्रत्येक सुरावर फळीत एक लांबट भोक असतं आणि त्या भोकावर पट्टीच्या मागच्या टोकाची, मऊ चामडं लावलेली झडप बसलेली असते. हवा खालून दाबते, पट्टी दाबली की झडप उचलते, हवा सुरातून भोकात आणि भोकातून बाहेर जाते. न दाबता सूर वाजतो याचा अर्थ भोकातून हवेला वाट मिळते आहे. मग वरचं झाकण काढून ती झडप बोटाने घट्ट दाबून धरायची. आवाज थांबला तर दोष झडपेचा: कचरा, कडक झालेलं चामडं किंवा दमलेली स्प्रिंग. अर्ध्या तासाचं काम. इथे आवाज थांबला नाही. उलट काळी चार दाबली की तिच्यासोबत पांढरी पाचही कुजबुजत होती.

म्हणजे फळीच फाटलेली. पेटलेली उदबत्ती फळीवरून सावकाश फिरवली, कुणीतरी भाता मारत होतं, आणि काळी चारजवळ धुराची सरळ रेघ एका जागी फुर्रकन बाजूला उडाली. तिथे नखाने चाचपल्यावर केसाएवढी चीर लागली, फळीच्या लांबीने गेलेली, दोन भोकांना जोडणारी आणि पुढे कडेच्या स्क्रूपर्यंत. फळीच्या लाकडाचे रेषे लांबीला असतात, भोकं त्यांना आडवी. त्यामुळे चीर पडली की ती एका भोकातून दुसऱ्यात जाते.

ती का पडली तेही स्पष्ट होतं. लाकूड पुरेसं मुरलेलं नव्हतं, त्यात ओल होती. आषाढात ते फुगलेलं आणि घट्ट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड रुंदीत आकसतं, पण फळी चारही बाजूंनी स्क्रूंनी जखडलेली. आकसायला जागा नाही, मग ते फाटतं. चिरेत बारीक भुसा आणि सरस भरला. पावसाळ्यात बरी राहिली, पुढच्या उन्हाळ्यात चीर बाजूला सरकून पुन्हा उघडली. शेवटचा उपाय नवी फळी: सगळे ८४ सूर काढायचे, पुन्हा बसवायचे, पुन्हा लावायचे. त्या खर्चात साधी सिंगल सुराची पेटी आली असती. विकणाऱ्याचं उत्तर होतं, "तुमच्या सोलापूरच्या हवेला काय करणार?" हे उत्तर मला अजून झोंबतं. सोलापूरची हवा काही काल बदललेली नाही. इथे पेटी विकायची तर लाकूड इथल्या उन्हाळ्याच्या हिशोबाने मुरवलेलं हवं.

यातून मी ठाम झालो असं मात्र समजू नका. प्लायवूडची फळी म्हटलं की मी पूर्वी सरळ नाही म्हणायचो. आवाज कोरडा वाटतो, हे आजही म्हणतो. पण प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे अशी लांब चीर त्याला सहसा पडत नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, पहिल्या दोन वर्षांच्या शिकाऊ मुलीसाठी चांगल्या प्लायची पेटी वाईट का? मला उत्तर सापडलेलं नाही. वादक मित्र एक सांगतात, दुरुस्ती करणारे दुसरं.

सोलापूरकरांनी एक करावं. पेटी वैशाखात घ्यावी, आणि शक्य तर इथल्यासारख्या कोरड्या हवेत आधीचा एक उन्हाळा काढलेली मागावी. जी तिथे फाटली नाही, ती तुमच्या घरी फाटण्याची शक्यता कमी. सवलत नाही मिळाली तरी चालेल.

हवेत पास झाली की सुरांकडे या. एकच स्टॉपर उघडा, भाता अगदी हलका ठेवा आणि खालून वर एकेक पट्टी दाबा. सूर लगेच बोलला पाहिजे. खर्जाचे सूर थोडे आळशी असतात, पण शेजारच्यापेक्षा एखादाच उशिरा उठत असेल तर त्याची पितळी जीभ चौकटीपासून जास्त वर उचललेली आहे. उलट जोरात भाता मारल्यावर एखादा गप्प होत असेल तर ती जास्त खाली आहे. दोन्ही कारागीर तुमच्यासमोर दहा मिनिटांत नीट करतो. झर्र असा आवाज आला तर बहुधा जिभेत केस किंवा धूळ अडकलेली असते, त्यासाठी पेटी नाकारू नका. मग खर्ज आणि नर या सुरांच्या दोन्ही ओळींचे स्टॉपर उघडून एकेक पट्टी धरा. आवाज स्थिर हवा. वांव-वांव अशा लाटा आल्या तर दोघे जुळलेले नाहीत. मोबाइलवरच्या ट्यूनरने बघायचं तर भाता मध्यम ठेवा, कारण जोर वाढला की सूर किंचित उतरतो आणि चांगल्या पेटीवर उगीच आळ येतो.

यानंतर झाकण उघडायला सांगा. चांगला कारागीर ओळखायची माझी खूण हीच आहे. जो स्वतः पेटी बांधतो तो स्क्रू काढायला कचरत नाही, फळी कुठल्या लाकडाची ते दाखवतो, आणि सूर कुठले हे विचारल्यावर सुरावरचा ठसा दाखवतो. सूर लावताना जिभेच्या टोकाकडे खरवडलं तर तो चढतो, मुळाकडे खरवडलं तर उतरतो. नव्या पेटीत एकाच जिभेवर दोन्हीकडे खोल ओरखडे दिसले तर ती खूपदा चढवली-उतरवलेली आहे, आणि पातळ झालेली जीभ पुढे मोडते. "उघडली की वॉरंटी जाते" म्हणणाऱ्याकडून मी घेणार नाही. तो विकणारा आहे, करणारा नाही, आणि वैशाखात पेटी घेऊन त्याच्याकडे गेलात तर त्याला करता काही येणार नाही.

म्हणूनच "मागवून टाकतो" याला माझा विरोध आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने बसलात तर सकाळी दादरला उतरता. दिवसभर तपासा, लावून घ्या, आणि येताना पेटी सामानात न देता स्वतःजवळ ठेवा. स्केल चेंजर दाखवतील, पहिल्या पेटीला घेऊ नका. त्यात पट्ट्यांचा सगळा साचा सरकतो, सुटे भाग वाढतात, वजन वाढतं, आणि बिघडली की ती उघडणारा माणूस जवळपास मिळत नाही. मुलीचा आवाज काळी चारात असेल तर तिला काळी चारात बोटं बसवू द्या.

घरी आल्यावर कूलरच्या झोतात ठेवू नका, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका. पहिल्या चैत्रात सगळे स्टॉपर बंद करून, आणि मग एक उघडून पट्टी न दाबता, ती भात्याची तपासणी पुन्हा एकदा करा. हवा गळत असेल किंवा सूर आपोआप वाजत असेल तर तेव्हाच कारागिराला कळवा, पावसाळ्यात लाकूड फुगून चीर मिटायच्या आत.