रिपोर्ट नॉर्मल, पण लेकाची कंबर दुखतेच

माझा लेक पंधरा वर्षांचा आहे आणि उजव्या हाताने फास्ट बोलिंग टाकतो. फेब्रुवारीत नाशिकमधल्या महात्मानगरच्या मैदानावरून घरी आला तो कंबर धरूनच. खाली वाकून बूट काढताना काही त्रास नव्हता. पण वरच्या फळीवरचा डबा काढायला मागे झुकला आणि "आई गं!" करून भिंतीला टेकला. सुरी खुपसल्यासारखं दुखतंय म्हणाला, तेही डाव्या बाजूला, पट्ट्याच्या रेषेवर, एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी. त्या बोटाकडे मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं.

आधी एक्स-रे काढला. तो नॉर्मल आला. स्नायू दुखावलाय असं सांगून दहा दिवस विश्रांती आणि गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, तो परत नेटमध्ये गेला आणि तिसऱ्या ओव्हरला पुन्हा तेच. मग एमआरआय झाला, त्याचाही रिपोर्ट नॉर्मल. गादी सरकलेली नाही, नस दबलेली नाही.

आमचे सहा आठवडे इथेच गेले. कोच विचारायचे, "रिपोर्ट चांगला आहे ना, मग?" घरातही कुणीतरी म्हणालं, परीक्षा जवळ आलीय म्हणून दुखत असेल. लेक गप्प बसायचा. त्याचं ते गप्प बसणं मला अजून आठवतं.

शेवटी गंगापूर रोडला खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. उजव्या पायावर थोडं दुखलं, डाव्या पायावर तो ओरडलाच. मग त्यांनी आधीच्या एमआरआयची चिठ्ठी मागितली. तिच्यावर एवढंच होतं : कंबरदुखी, कमरेचा एमआरआय. "ताई, यात वयही नाही, बोलर आहे हेही नाही. मग बघणारा गादी आणि नसाच बघणार."

मणक्याच्या मागच्या भागात वरचा आणि खालचा सांधा जोडणारा हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्याला पार्स म्हणतात. उजव्या हाताचा बोलर चेंडू सोडताना मागे आणि डावीकडे झुकतो, शिवाय अंग पिळतोही, आणि तो भार डावीकडच्या पुलावर पुन्हा पुन्हा येतो. तिथे आधी हाड सुजतं, मग चीर पडते, तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. नुसती सूज एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमध्ये ती बघायची तर चरबीची चमक दाबून काढलेली, स्टर नावाची चित्रं लागतात, आणि काप मणक्याच्या दोन्ही कडांपर्यंत जावे लागतात. आमच्या पहिल्या तपासणीत ती चित्रंच नव्हती.

सेंटरच्या काउंटरवर मी हे सांगितलं तर उत्तर आलं, "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहे, परत कशाला?" तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी नवीन चिठ्ठी नेली. तिच्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं : पंधरा वर्षांचा वेगवान गोलंदाज, मागे वाकल्यावर डावीकडे दुखतं, स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका, पार्स बघावा, स्टर चित्रं काढावीत. ती मी काउंटरवर न देता थेट रेडिऑलॉजिस्टना भेटून दिली. त्यांनी दोन मिनिटांत होकार दिला. पाचव्या कमरेच्या मणक्याला डावीकडे पांढरा ठिपका, म्हणजे हाडाची सूज, स्पष्ट दिसला. तो बघून मला रडू आलं. लेक खोटं बोलत नव्हता.

पुढे फक्त त्या एका मणक्याचा सीटी स्कॅन काढला, पोराच्या अंगावर उगाच जास्त किरणं नकोत म्हणून. आरपार चीर नव्हती, म्हणजे हाड भरून येण्याची आशा चांगली होती. तीन महिने बोलिंग बंद, धावणं आणि उड्याही बंद. मग पोटाचे, नितंबांचे व्यायाम आणि मांडीच्या मागचे आखडलेले स्नायू मोकळे करणं. बुमराहलाही 2019 मध्ये कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे बाहेर बसावं लागलं होतं, हे ऐकल्यावर लेक जरा सावरला.

एक राहिलंच. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही, आमची पहिली चूक तीच. आणि पाय बधिर झाला, लघवीवर ताबा राहिला नाही, किंवा ताप आणि रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल, तर ते वेगळं काहीतरी असू शकतं, लगेच दाखवा. एमआरआयची सीडीही सेंटरकडून मागून घ्या, नुसत्या कागदावर भागत नाही.

चौथ्या महिन्यात त्याने छोट्या रनअपने, अर्ध्या जोरात बारा चेंडू टाकले, एक दिवसाआड. आता किती चेंडू टाकले ते वहीत लिहितो. सहाव्या महिन्यात पहिली मॅच झाली, चार ओव्हर. घरी आल्यावर मी आधी त्याला मागे वाकायला लावलं. तो वाकला, आणि म्हणाला, "अगं आई, जेवायला तर दे."