सहावं लागलं

भाची परवा पाच वर्षांची झाली. दुपारी माझ्याकडे आली ती रुसूनच. कालचा फ्रॉक आजही बसतोय, दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची खूणही तिथंच आहे. "मामा, मी पाचची झाले म्हणजे नेमकं काय झालं?"

तिच्या वयाचा असताना मला कुणी वय विचारलं की आजी परस्पर सांगून टाकायची, "पाच सरली, सहावं लागलं." मी ओरडायचो, सहा नाही, पाच! आजीचा हिशेब बरोबर होता, हे फार उशिरा कळलं. पाच म्हणजे पाच पूर्ण भरली. पहिल्या वाढदिवसाच्या आधीचं अख्खं वर्ष आपण शून्य असतो.

हे तिला कुठून सांगणार? मी टेबलाच्या मधोमध समई ठेवली आणि एक लिंबू घेतलं. लिंबात लवंग खोचली. लवंग म्हणजे आपण. लिंबू स्वतःभोवती गिरक्या घेत समईभोवती फिरतं. एक गिरकी म्हणजे एक दिवस. तू जन्मलीस तेव्हा लिंबू साखरेच्या डब्यापाशी होतं. तीनशे पासष्ट गिरक्या झाल्या की ते पुन्हा डब्यापाशी येतं. (वरची पाव गिरकी मी गिळली. तिचा हिशेब दर चार वर्षांनी फेब्रुवारीत चुकता होतो.) अशा पाच फेऱ्या झाल्या, म्हणून तू पाचची.

"पाच चकरा मारल्या, मग चक्कर कशी नाही आली?"

सेकंदाला तीस किलोमीटर, पण गाडीला हिसका बसला नाही तर आत बसलेल्याला काय कळणार?

"आणि साखरेचा डबा कुठाय?"

आली पंचाईत. आकाशात डबा नाही, मैलाचा दगड नाही. खूण आपणच करायची. म्हणून मी तिला दक्षिणेच्या खिडकीतून फरशीवर पडलेला उन्हाचा तुकडा दाखवला आणि त्याच्या कडेनं खडूची रेघ मारली. फेब्रुवारीतलं भर दुपारचं ऊन. आता सूर्य वर चढेल तसा हा तुकडा खिडकीकडे सरकत जाईल, उन्हाळ्यात घरातून नाहीसाच होईल. परत रेघेवर आला की तुझा वाढदिवस.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी चूक लक्षात आली. ऊन फेब्रुवारीत इथून जातं तसं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परतताना पुन्हा इथूनच जातं. तेव्हा आंब्याला मोहोर नसेल, संध्याकाळी डोक्यावर मृग नक्षत्र नसेल, पण रेघेवर ऊन मात्र असेल. लिंबाची फेरी पुरी व्हायला अजून चार महिने असतील.

सकाळी प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ऑक्टोबरमध्ये पण केक."

मी म्हटलं, आईला दे फोन.