विषय : गेट सजवण्यास परवानगी मिळणेबाबत

दुपारी डोळा लागत होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची आमची शेजारीण एक कागद घेऊन आली. "काका, जरा ऱ्हस्व-दीर्घ बघता?" तिचा मुलगा दुसरीत. ही पालक-शिक्षक संघात. १५ जूनला शाळा उघडते, पहिल्या दिवशी गेट सजवायचं, त्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंना अर्ज. बाकी लालबागमध्ये राहून कुठलंही गेट सजवायला परवानगी लागते, हेच माझ्या पचनी पडत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ ठीक होतं. मजकूर मात्र लग्नपत्रिकेसारखा होता. 'चिमुकल्यांच्या स्वागतार्थ प्रवेशद्वाराची नयनरम्य व भव्य सजावट...' मी म्हटलं, "बाई, हे वाचून मुख्याध्यापिकांच्या पोटात गोळा येईल." त्यांना डोळ्यांपुढे गेट दिसत असतं. सात वाजता ते उघडायचं, रिक्षा-बस आत घ्यायच्या, पोरं आत आली की लावायचं. नयनरम्य काय, ते नंतर.

"तोरण कुठे बांधणार?"

"गेटावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आणि गेट उघडल्यावर?"

ती गप्प. गेट दोन पाखांचं. तोरण दोन्ही पाखांवरून सलग बांधलं की पहिल्याच बसला तुटणार. मग एक तर वरच्या लोखंडी कमानीला बांधा, बसच्या टपाला लागणार नाही इतकं आखूड ठेवून. नाहीतर प्रत्येक पाखाला वेगळं. तिने दुसरं निवडलं. वॉचमनच्या छोट्या दाराला काहीच लावायचं नाही, कडीजवळची वीतभर जागा मोकळी ठेवायची, हेही लिहिलं. चिकटपट्टी नको, सुतळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेटाला नवा रंग काढलेला असतो आणि पट्टी ओढली की तो पापुद्र्यासारखा हातात येतो.

थर्माकोलची अक्षरं तिने स्वतःच खोडली. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. शाळेच्याच गेटावर ते लावलं तर फारच शोभेल. क्रेपच्या पताकांवर मात्र ती अडून बसली. स्वस्त, रंगीत, पोरांना आवडतात.

क्रेपचं माझ्यापाशी नाव काढू नये. आमच्या शाळेत १५ ऑगस्टला गेटावर क्रेपच्या पताका लावल्या होत्या. आदल्या संध्याकाळी आम्ही पोरांनीच कापल्या, खळ लावून चिकटवल्या. सकाळी प्रभातफेरीची रांग बरोबर गेटाखाली आली आणि सर कोसळली. क्रेपचा रंग पाण्यात लगेच सुटतो. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यांवर केशरी आणि हिरवे ओघळ. ड्रिलचे सर 'सावधान' म्हणून ओरडत होते आणि आम्ही सावधान उभे राहून रंगत होतो. घरी आईने तो सदरा सोड्यात भिजवला, उन्हात घातला. हिरवा डाग खांद्यावर वर्षभर राहिला. जूनच्या मध्यावर मुंबईत पाऊस येणारच, हे धरूनच गेट सजवायचं.

मग झेंडू आणि आंब्याची पानं. पान देठाकडून सुतळीवर दुमडायचं, खराट्याचा हीर आडवा टोचून टाचायचं, जास्तीचा हीर मोडून टाकायचा. स्टेपलर वापरू नये, पिना गंजतात आणि खाली पडून पोरांच्या चपलांत घुसतात. झेंडू दादरच्या फूलबाजारातून पहाटे; आदल्या दिवशीचा भिजलेला घेतला तर मधून काळा पडलेला निघतो. फूल उलटं करून देठाशी दाबून बघावं, पाणी सुटलं तर पुढच्या टोपलीकडे जावं.

अर्ज शेवटी असा झाला :

'महोदया, सोमवार दि. १५ जून रोजी सकाळी ६ ते ६.४५ या वेळेत आम्ही चार पालक गेटाच्या दोन्ही पाखांना पानाफुलांची स्वतंत्र तोरणे सुतळीने बांधू इच्छितो. गेट उघडण्यास अडथळा होणार नाही. वीजजोडणी लागणार नाही. खर्च पालक करतील. त्याच दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर तोरणे उतरवून निर्माल्य आम्ही घेऊन जाऊ. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.'

'नयनरम्य' गेलं म्हणून ती जरा हिरमुसली. मी तिला दोन प्रती काढायला सांगितल्या, एकीवर ऑफिसातून आवकचा शिक्का घ्यायचा. नाहीतर सोमवारी सहा वाजता वॉचमन विचारणार, 'कुणी सांगितलं?' आणि बाई तेव्हा लोकलमध्ये.

परवा मंजुरी आली. समासात लाल शाईने शेरा : 'शाळेचे शिपाई शिडीवर चढणार नाहीत. शिडी धरण्यास एक जबाबदार पालक हवा.' तो जबाबदार पालक म्हणून तिने परस्पर माझं नाव दिलंय. माझी धाकटी मुलगी पस्तिशीची आहे. पण शेऱ्यात पाल्याची इयत्ता विचारलेली नाही, आणि न विचारलेलं अर्जात लिहू नये.