पाच तासांचा हॉल

दुपारी 2 ते 7 हॉल मिळाला म्हणजे संक्रांत पाच तासांची, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथल्या मंडळाच्या कमिटीवर एक वर्ष काढावं. टेबलं मांडण्यापासून कचऱ्याची शेवटची पिशवी मागच्या डब्यात टाकेपर्यंत सगळं त्या पाचातच. 7 ला आवरायला लागायचं नसतं, 7 ला कुलूप लागतं. म्हणून आम्ही हिशेब उलटा मांडतो: 6 ला शेवटचं वाण, मग तासभर झाडू. मांडामांडीला सुरुवातीचा एक तास. राहिले तीन. आमंत्रणात अडीच लिहायचं, म्हणजे मंडळी तीनपर्यंत येतात.

पॉटलकच्या यादीत मसालेभाताला सात नावं होती, गुळपोळीला एकही नाही. शेवटी दोघींना गळ घातली. खरं तर अशा हॉलला गुळपोळीसारखा पदार्थ नाही. आदल्या दिवशी करा, थंडच वाढा, वर तुपाची धार. मसालेभाताचे सातही डबे मात्र एका मायक्रोवेव्हपुढे रांगेत उभे राहिले, आणि तिथेच आमची वीस मिनिटं गेली.

बोरन्हाणाची मला धास्ती असते. नियमात ‘कॉन्फेटी चालणार नाही’ असं स्पष्ट लिहिलंय. चुरमुरे त्यात येतात का, हे आम्ही मुद्दाम विचारलेलं नाही. पाटाखाली डबल बेडची चादर अंथरायची आणि पोरं वेचून झाली की चारी कोपरे धरून उचलायची. चुरमुरे सापडतात. हलवा मात्र काटेरी असूनही कुठे कुठे घरंगळत जातो.

यंदा हळदीची कोयरी फरशीवर उपडी झाली. मी लगबगीने साबणाचं पाणी घेऊन पुसायला गेले, तर पिवळा डाग लालभडक! डिपॉझिट गेलंच म्हणून मी मटकन बसले.

“अगं, कुंकू करतेयस की काय?” मागून काकू म्हणाल्या. “हळदीला चुना लावला की तेच होतं. साबणही त्याच जातीचा.”

त्यांनी पर्समधून सॅनिटायझर काढला, पेपर टॉवेलवर घेतला आणि डाग टिपून टिपून काढला. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतो. जोरात घासलं की पसरतो, म्हणून टिपायचं. फटीत थोडी पिवळी रेघ राहिली, तिच्यावर आम्ही खुर्च्यांची चळत ठेवली.

7 ला पाच मिनिटं असताना केअरटेकर आला. ओटा पाहिला, खुर्च्या मोजल्या, मग पियानोच्या पायापाशी वाकून एक पांढरा काटेरी दाणा उचलला.

“मागच्या वर्षीचे मला मार्चपर्यंत सापडत होते,” तो म्हणाला आणि दाणा खिशात टाकून दिवे बंद करायला गेला.