आमची वाटचाल : बाकीची आठवण आणि कलम 7

मंगल कार्यालय सुरू झालं तेव्हा आमच्याकडे बुकिंगची लांबट वही आणि कार्बनवालं पावतीपुस्तक होतं. पावतीपुस्तक आजही वापरतो. संगणक बंद पडतो, पावती पडत नाही. पुढची बरीच वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते एका हंगामाबद्दल. बाकीसाठी आमचा मेसेज जायचा, भागीदाराच्या भाषेत: ‘उर्वरित रक्कम कार्याच्या पंधरा दिवस आधी भरावी, अन्यथा बुकिंग रद्द होऊन अ‍ॅडव्हान्स जप्त होईल.’ कार्य 30 नोव्हेंबरचं. आम्ही मुदत 15 तारीख धरली, पार्टीने कार्याचा दिवसही मोजून 16. रविवारी पैसे घेऊन आले, तोवर तारीख दुसऱ्याला गेली होती. अर्जातल्या कलम 7 प्रमाणे निम्मा अ‍ॅडव्हान्स परत केला. पण मेसेजमध्ये निम्म्याचा उल्लेखच नव्हता आणि ‘जप्त’मध्ये अनामतही जाते अशी त्यांची समजूत. शेजारच्या कार्यालयाने हे गावभर केलं, ‘तिथे पैसे गिळतात’ म्हणून. चौकशीचे फोन थांबले. कलमाप्रमाणे द्यायची ती पै अन् पै आम्ही परत केली होती, हे विचारायला कोणी आलं नाही.

मेसेज सुधारला तो आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने. दोन्ही मुलींची लग्नं आमच्याकडेच केलेले काका. पेन्सिल घेऊन बसले आणि म्हणाले, “मला हिशोब करायला लावू नकोस. तूच करून दे.” मग असा झाला:

‘30 नोव्हेंबर 2025, बुकिंग बाकी. भाडे 1,80,000 रुपये, जमा 60,000, बाकी 1,20,000. याशिवाय परत मिळणारी अनामत 20,000. एकूण भरायचे 1,40,000. शेवटची मुदत शनिवार, 15 नोव्हेंबर, संध्याकाळी 6. तोवर रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली हवी. चेक दिला म्हणजे भरली असे नाही. मुदत चुकल्यास बुकिंग रद्द. अर्जातील कलम 7 प्रमाणे 30,000 जप्त, 30,000 सात दिवसांत परत.’

भागीदाराला ‘जप्त’ खटकलं, ‘समायोजित’ लिहू म्हणाला. काकांनी खोडलं. जाणार असेल तर जाणार म्हणा.

नव्याने कार्यालय काढणाऱ्यांनी एवढं करावं: बुकिंगच्या अर्जात नाही ती अट आठवणीच्या मेसेजमध्ये घुसवू नये. सही अर्जावर असते. आणि मेसेज मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी पाठवावा. पैसे गोळा करायला वेळ लागतो.

आता शेजारच्यांचा मेसेजही शब्द न् शब्द असाच जातो, ‘कलम 7 प्रमाणे’सकट. त्यांच्या अर्जात कलमं पाचच आहेत.