बेस्ट मॅन व्हायला नाही म्हटलं

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, ऐरोली

मेल्विनला आज नाही म्हणून सांगितलं. लग्नाला येतोय, पण बेस्ट मॅन म्हणून उभा राहणार नाही.

त्यानं विचारलं होतं पाडव्याला. दरवर्षीसारखा फराळाला आला, चकलीचा तुकडा तोंडात असतानाच म्हणाला, "तीन जानेवारीला गोव्यात लग्न. बेस्ट मॅन तू. दुसरं नाव डोक्यात आलंच नाही." आईनं लगेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मलाही भरून आलं होतं. आम्ही तलावपाळीजवळच्या शाळेत एका बाकावर बसलो. त्याच्या घरी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिकांच्या, पद्धतीचं जेवण आणि माझ्या घरी वरणभात, दोन्ही आम्हा दोघांचंच होतं. मी त्या दिवशी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "तारखा नीट पाहून सांगतो," एवढंच म्हणालो, आणि त्याच आठवड्यात कागद घेऊन बसलो.

ज्यांनी कॅथलिक लग्न जवळून पाहिलं नाही त्यांना वाटतं, बेस्ट मॅन म्हणजे नवऱ्याच्या शेजारी सूट घालून उभा राहणारा मित्र. चर्चमधलं काम खरंच थोडं आहे. अंगठ्या सांभाळायच्या, मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही करायची. फादरसमोर दोन साक्षीदार लागतात, आणि ते कॅथलिकच असावेत असं नाही, म्हणून माझ्यासारख्यालाही ते करता येतं. पण बेस्ट मॅनचं काम चर्चबाहेरच जास्त असतं. आदल्या दिवशी चर्चमध्ये तालीम असते, कोण कुणाच्या जोडीनं चालणार ते तिथे ठरतं. रिसेप्शनला ब्राइड्समेडच्या जोडीनं वेडिंग मार्चच्या मिरवणुकीत यायचं, टोस्टच्या वेळी सगळं नीट चाललंय ना ते पाहायचं, नवऱ्याच्या बाजूची पोरं, गाड्या, बँडवाले, सगळ्यांचा फोन बेस्ट मॅनलाच येतो. मेल्विनच्या चुलतभावाच्या लग्नात हे मी पाहिलंय. त्या दिवशी बेस्ट मॅननं जेवण केलं ते हॉलच्या मागच्या खोलीत, उभ्यानं, रात्री साडेअकराला.

आणि लग्न नवरीच्या पॅरिशमध्ये, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत. ॲडव्हेंटमध्ये, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, लग्नं टाळतात, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळातही टाळतात, त्यामुळे नाताळ झाला की लेंट लागेपर्यंत सगळी गर्दी उसळते. गोव्यात नेमका तोच काळ सगळ्यात महाग. नवरीचा भाऊ बोटीवर असतो, त्याला सुट्टी तेव्हाच, म्हणून तारीख हलणं शक्य नव्हतं. मी तारखेबद्दल मेल्विनला एका शब्दानंही बोललो नाही.

तारखांचा हिशोब असा निघाला. मंगळवारी, ३० डिसेंबरला, ठाण्यात त्याच्या घरी उंबराचं पाणी. वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आणि नवऱ्याला अंघोळ घालायची. ते संध्याकाळी आहे, ऑफिस करून जाता येतं. बुधवारी घरचे सगळे गोव्याला निघणार. गुरुवारी नवरीकडे रोस, म्हणजे नारळाच्या रसाची अंघोळ, शुक्रवारी तालीम, शनिवारी लग्न, रविवारी परतणें, म्हणजे जोडप्यानं नवरीच्या माहेरी जाणं, सोमवारी परतीचा प्रवास आणि मंगळवारी पुन्हा ठाण्यात रिसेप्शन. पाहुण्याला यातलं एक-दोन दिवसांचं चालतं. बेस्ट मॅनला बुधवार ते मंगळवार सगळं धरावं लागतं.

माझ्या रजा मात्र इथेच अडतात. महापेच्या या नोकरीत मी जुलैच्या मध्याला लागलो. अर्जित रजा २४० दिवसांचं काम भरल्यावर, म्हणजे ती अजून लांब आहे. किरकोळ रजा वर्षाला आठ, पण त्या एकदम मिळत नाहीत, दर तिमाहीला दोन जमा होतात. या तिमाहीतल्या दोन बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या. एक जानेवारीला नव्या दोन येतील. कामाचे दिवस मोजले तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार, असे पाच. पण आमच्याकडे शुक्रवार आणि सोमवार दोन्ही रजेवर असला तर मधला शनिवार-रविवारही रजेत धरतात. पाचाचे सात झाले. दोन हक्काच्या, पाच बिनपगारी. आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन संपतंय जानेवारीच्या मध्याला. बिनपगारी रजा घेतली की तेवढं ते पुढे सरकतं, हे नेमणूकपत्रातच लिहिलंय.

शिवाय मी अकाउंट्सला आहे. ३१ डिसेंबरला गोदामातला साठा मोजायचा असतो. टीडीएस सातपर्यंत भरायचा, जीएसटीचं पहिलं रिटर्न अकराच्या आत. आमचे साहेब वाईट नाहीत. मी विचारलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून कॅलेंडर उघडलं आणि म्हणाले, "एक दिवस दे म्हणालास तर मी बघतो. आठवडा कसा देऊ, तूच सांग." मला सांगता आलं नाही, कारण त्यांच्या जागी मीही दिला नसता.

पैशाचं गणित सोपं होतं आणि म्हणूनच जास्त टोचलं. सगळ्या पोरांनी एकाच ताग्यातलं कापड घेऊन सूट शिवायचे ठरलेत, शिलाईसकट पंधरा हजार. बूट तीन. लोणावळ्याच्या बॅचलर पार्टीचा वाटा नऊ. गोव्यात पाच रात्री, खोली वाटून घेतली तरी रात्रीचे साडेतीन हजार, म्हणजे साडेसतरा. येणं-जाणं साडेतीन, आहेर पाच. हे त्रेपन्न हजार झाले. पगार अठ्ठेचाळीस, त्यातले पाच दिवस कापले जाणार म्हणजे आणखी आठ. एकसष्ट हजार. बाजूला ठेवलेले पैसे तेवढे आहेत, पण ते फेब्रुवारीत बाबांच्या दुसऱ्या डोळ्यासाठी आहेत. त्याला हात लावणार नाही, हे मी आईशी न बोलताच ठरवलं होतं.

मग उरलं सांगणं. मला एकच गोष्ट पक्की वाटत होती: सांगायचं तर सूटची मापं घ्यायच्या आधी. पुढच्या रविवारी सगळे टेलरकडे जाणार आहेत. कापड कापल्यावर, ब्राइड्समेडच्या जोड्या लागल्यावर, पत्रिकेच्या मागे नावं छापल्यावर नाही म्हटलं तर तो माणूस दोन्हीकडे अडचणीत येतो. नवरीच्या बाजूला उत्तर त्यालाच द्यावं लागतं. "बघू, जमवतो, रजा मिळाली तर" असं म्हणत डिसेंबर गाठणारे मी पाहिलेत. त्या "बघू"वर समोरचा हो धरून बसतो आणि दुसऱ्या कुणाला विचारतच नाही.

फोनवर सांगायचं नव्हतं. आज ऑल सोल्स डे, गेलेल्यांची आठवण करायचा दिवस, तो घरच्यांबरोबर सिमिट्रीत होता. त्याचे पप्पा जाऊन सहा वर्षं झाली. संध्याकाळी तिथूनच तो तलावपाळीला आला. बोटांना मेणबत्तीचं मेण लागलेलं होतं, बोलता बोलता तो ते नखानं खरवडत होता. मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "मेल्विन, मी बेस्ट मॅन होऊ शकत नाही. पैसे नाहीत आणि रजाही नाही. लग्नाला येतोय." आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

कागद दाखवावा की नाही याचा मी खूप विचार केला होता. पगाराचा आकडा मित्राला दाखवणं मला कठीण गेलं. पण नुसतं "जमत नाही" म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं की याला आपलं लग्न एवढं महत्त्वाचं वाटत नाही. खरं कारण लपवून घरचं काहीतरी निमित्त सांगितलं असतं, तर त्याच्या आईनं, मी तिला मावशी म्हणतो, उद्याच माझ्या आईला फोन करून विचारलं असतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग अपेक्षा होती तेच म्हणाला, "सूट आणि राहणं माझ्याकडे. तू फक्त ये." मी म्हटलं, "राहण्याचे तू देशील, माझी रजा तुला देता येत नाही. आणि तू माझे पैसे भरलेस तर उद्या ग्लेनचेही भरावे लागतील, त्याचीही ओढाताण आहेच." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. स्वतःच्या लग्नासाठी तोही कर्ज काढतोय, हे मला ठाऊक आहे.

"मग माझ्या बाजूला कोण?" त्यानं विचारलं. मी ग्लेनचं नाव सुचवलं. चुलतभाऊ आहे, त्याची रजा कधीच मंजूर झालीय, तो बुधवारी घरच्यांबरोबरच निघणार. मेल्विन म्हणाला, "ग्लेन चांगला आहे. पण तो तू नाहीस." याला मी काय बोलणार होतो? मी गप्प बसलो, आणि बरं केलं असं वाटतं. त्याला वाईट वाटलंय, ते वाटायला हवंच. ते मी तिथल्या तिथे बुजवायला गेलो असतो तर मला स्वतःलाच सोडवून घ्यायचं होतं असं झालं असतं.

मला जे जमतंय ते मी स्पष्ट सांगितलं. उंबराच्या पाण्याला ऑफिसमधून थेट येतो. ठाण्यातल्या रिसेप्शनला मंगळवारी संध्याकाळी हॉलवर असेन, कॅटररचं आणि गाड्यांचं माझ्याकडे, कारण ते संध्याकाळचं काम आहे आणि त्याला रजा लागत नाही. आणि लग्नाला शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीची कोकणकन्या ठाण्याहून, शनिवारी सकाळी मडगाव, चारची मिसा, रात्री एक मुक्काम, रविवारी सकाळी मांडवीनं परत. एकही रजा नाही, आहेर धरून अकरा हजारांत बसतं.

मावशी मात्र नाराज आहे. रात्री आईला फोन आला होता, "आमच्यात कुणी बेस्ट मॅनला नाही म्हणत नाही" असं म्हणाली. आईनं ऐकून घेतलं. उद्या नाही, पण या आठवड्यात मी स्वतः तिच्याकडे जाऊन येईन. फोनवर तिला समजावणं बरोबर होणार नाही.

दोन जानेवारीचं बुकिंग उद्या सकाळी आठला उघडतंय, साठ दिवस उद्याच भरतात. नाताळानंतरच्या गाड्या काही मिनिटांत वेटिंगला जातात. ॲपमध्ये माझं नाव भरून ठेवलंय. परतीचं बुधवारी उघडेल. ऑफिसची बस पावणेआठला असते, उद्या ती सोडून तिकीट काढूनच निघायचं ठरवलंय.