मुकादम साक्षीदार नको

ऊसतोड कामगारांवरच्या एका छोट्या माहितीपटाचं चित्रीकरण बीड जिल्ह्यात होतं, टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या जरा आधी. संमतीपत्रं आणि जागेच्या परवानग्या माझ्याकडे होत्या. सकाळी पहिल्याच घरी मुकादम आला आणि म्हणाला, "सायेब, कागद माझ्याकडं द्या. समद्यांचे अंगठे सांजच्याला आणून देतो."

ज्या बाईंची मुलाखत होती त्या आणि त्यांचा नवरा मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. हंगामाची उचल त्यांनी याच मुकादमाकडून घेतलेली. ज्याचे पैसे अंगावर आहेत त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ती संमती पुढे टिकतही नाही. एकानं आपल्या वर्चस्वाच्या जोरावर दुसऱ्याकडून गैरवाजवी फायदा उकळला, तर ती संमती मोकळी नव्हे, असं भारतीय करार कायद्याचं कलम 16 सांगतं. म्हणून मुकादमाच्या हाती कोरे कागद दिले नाहीत आणि साक्षीदार म्हणूनही त्याला घेतलं नाही. त्याची मुलाखत दुपारी होती, त्याचं संमतीपत्र तेव्हा वेगळं घेतलं. साक्षीला गावातल्या आशाताई आल्या. त्यांना वाचता येत होतं आणि उचलीच्या व्यवहाराशी त्यांचा काही संबंध नव्हता. साक्षीदारात एवढंच पाहायचं.

बाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यात उचलीचं काही हाय का?" या भागात अंगठा म्हटलं की माणसाला आधी कर्जाचा कागद आठवतो. म्हणूनच आम्ही संमतीपत्र साध्या कागदावर, मोठ्या अक्षरात, एका पानात बसवतो. स्टॅम्प पेपरची गरज नसते, उलट तो पाहून माणूस बिचकतो. आशाताईंनी सगळं मोठ्यानं वाचलं: माहितीपट कशावर आहे, तो कुठे कुठे दाखवला जाईल, बोलणं कापून जोडलं जाईल, मोबदला किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत "माझं बोलणं काढून टाका" असं सांगता येईल. वाचन सुरू व्हायच्या आधी कॅमेरा चालू केला होता, म्हणजे बाईंचे प्रश्नही नोंदले गेले. मग "निशाणी डावा अंगठा" असं लिहून त्याशेजारी ठसा, आणि त्याखाली "वाचून दाखवले, समजले" या ओळीवर आशाताईंची सही. ठसा शाईत बुडवून घेतला की नुसता काळा डाग उठतो. पॅडवर हलकं टेकवायचं, म्हणजे रेषा दिसतात.

बाईंची एक अट होती: उचलीचा आकडा पडद्यावर नको. ती संमतीपत्राच्या खालच्या मोकळ्या जागेत पेनानं लिहिली, तिच्याखाली दोन्ही बाजूंची निशाणी घेतली, आणि संकलकाला त्या पानाचा फोटो लगेच पाठवला. अट फाइलमध्येच राहिली की संकलनात हमखास निसटते.

बोलता बोलता त्यांनी जात्यावरची ओवी म्हटली. इथे मुलाखतीच्या मजकुरावर भागत नाही. ओवी परंपरेची असली तरी ती म्हणणाऱ्या बाईंचा कॉपीराइट कायद्याखाली सादरकर्ती म्हणून स्वतंत्र हक्क आहे. त्यासाठी वेगळा परिच्छेद लागतो आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावे लागतात. मुदत लिहिली नाही तर हक्क 5 वर्षांपुरताच दिला असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. परदेशी महोत्सवात माहितीपट पाठवताना नेमकी हीच ओळ विचारली जाते. कॅसेटमधलं गाणं कुणी म्हटलं, तर गीतकार-संगीतकारांची परवानगी निराळी. ती मिळण्यासारखी नसेल तर तो तुकडा कापलेला बरा.

दुपारनंतरची जागा म्हणजे शेतातली जुनी दगडी विहीर. "आपलीच हाय, करा शूटिंग," असं धाकटे भाऊ म्हणाले. सातबारा काढला तर खात्यावर चार नावं, आणि थोरल्या भावांशी बोलणं बंद. भाऊबंदकी असली की अडचण चित्रीकरणाच्या ऐन मध्यावर बांधावर येऊन उभी राहते. त्यामुळे परवानगीपत्रात गट नंबर, विहीर, बांधावरून जायचा रस्ता, तारीख आणि वेळ लिहून चौघांच्याही सह्या ठरवल्या. थोरले त्याच गावात होते. ग्रामसेवकांना सोबत घेऊन त्यांच्या घरी गेलो, कागदात मालकीबद्दल एक शब्दही नाही हे दाखवलं, आणि त्यांनी सही केली. हे वाक्य पत्रात मुद्दाम घालावं: "या परवानगीचा जमिनीच्या मालकीशी वा वहिवाटीशी संबंध नाही." चौथा भाऊ पुण्यात. त्यांना पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि "मंजूर" एवढ्यावर न थांबता गट नंबरासह संमती लिहून मागितली. सही केलेली प्रत नंतर टपालानं आली.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, तिथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहायचा. पार किंवा चावडीसाठी ग्रामपंचायतीला दोन प्रतींत अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यायची. आमची पोच होती, त्यामुळे संध्याकाळी पारावर बीट हवालदार आले तेव्हा कागद पाहून ते परत गेले आणि पारावरचं काम उजेड असेपर्यंत उरकलं.